डीपफेक व्हिडिओची तक्रार: आधी पुरावा, मग रिपोर्ट

*"बहिणीचा चेहरा आणि आवाज वापरून कोणीतरी गुंतवणुकीची खोटी जाहिरात यूट्यूबवर टाकली आहे. लगेच रिपोर्ट करू का? स्क्रीनशॉट काढलाय, तो पुरेल ना?"*

रिपोर्ट आजच करा, पण अर्धा तास थांबून. व्हिडिओ उतरला की लिंक, खात्याचं नाव, खालच्या कमेंट सगळंच तुमच्या हातून जातं, आणि पोलिसांना दाखवायला काही उरत नाही.

नुसता स्क्रीनशॉट कमी पडतो, कारण त्यात आवाज नसतो आणि पूर्ण लिंक बहुतेक वेळा कापली जाते. त्यापेक्षा स्क्रीन रेकॉर्डिंग करा: आधी लिंक, मग चॅनेलचं पान, मग व्हिडिओ शेवटपर्यंत, मग वर्णन आणि कमेंट. चॅनेलचं नाव एका मिनिटात बदलता येतं, म्हणून `UC` ने सुरू होणारा चॅनेल आयडीही टिपून ठेवा. जाहिरातीत दिलेला फोन नंबर किंवा वेबसाइट लिहून घ्या, पण तिथे संपर्क करू नका.

फाइल मिळाली तर ती कापू नका. विंडोजवर तिचा हॅश, म्हणजे फाइलवरून निघणारा बोटाच्या ठशासारखा आकडा, काढा आणि तो स्वतःला ईमेल करा:

```
certutil -hashfile video.mp4 SHA256
```

फाइलमध्ये पुढे कोणी काहीही बदललं तर हा आकडा जुळणार नाही. व्हॉट्सअॅपवर व्हिडिओ म्हणून पाठवली तर ती कॉम्प्रेस होऊन हॅश बदलतो, म्हणून डॉक्युमेंट म्हणून पाठवा.

सर्वात भक्कम पुरावा मात्र वेगळाच असतो: मूळ व्हिडिओ. अशा जाहिराती बऱ्याचदा खऱ्या क्लिपवर फक्त ओठ आणि आवाज बदलून बनवतात. माझ्या एका मैत्रिणीच्या बाबतीत तसंच झालं होतं. तिच्या जुन्या भाषणात तोच दुपट्टा, तीच मागची भिंत, मान वळवण्याची तीच लकब सापडली. दोन्हींतली तीच हालचाल कोणत्या सेकंदाला येते ते आम्ही शेजारी शेजारी मांडलं. तिथे शब्द वेगळे होते, आणि तेवढ्यावरून पाहणाऱ्याला दुसरं काही समजवावं लागलं नाही. डीपफेक ओळखणाऱ्या साइटच्या टक्केवारीवर मी विसंबणार नाही, कॉम्प्रेस झालेल्या व्हिडिओवर ती सहज चुकते.

आता रिपोर्ट. 'स्पॅम' निवडू नका. यूट्यूबच्या प्रायव्हसी तक्रारीत एआयने चेहरा किंवा आवाज नकलल्याची तक्रार घेतात, आणि ती साधारणपणे बहिणीनेच स्वतः करायची असते. व्हिडिओतला नेमका सेकंद आणि मूळ व्हिडिओची लिंक द्या. व्हिडिओ टाकणाऱ्याला बदल करायला ४८ तास मिळू शकतात, त्यामुळे त्याच दिवशी तो उतरला नाही म्हणून घाबरू नका. मूळ व्हिडिओ बहिणीने स्वतः चित्रित केला असेल तर कॉपीराइटची तक्रार वेगळी करता येते. पैशांची फसवणूक असल्याने सायबर पोलिसांकडे समांतर तक्रार द्या, आणि तिची पोच जपून ठेवा.

एक गोष्ट इतर वाचकांसाठी: व्हिडिओ अश्लील असेल आणि त्यात अल्पवयीन मुलगा किंवा मुलगी असेल, तर तो डाउनलोड करू नका, कोणालाही पाठवू नका. फक्त लिंक आणि वेळ लिहून थेट पोलिसांना द्या. प्रौढ व्यक्तीचा असेल तर असे व्हिडिओ पसरण्यापासून रोखायला मदत करणाऱ्या `StopNCII.org` वर तिच्याच फोनवर हॅश बनतो, व्हिडिओ कुठेही अपलोड होत नाही.