जिनिंग मिलमधली इंटर्नशिप प्रोफाइलमध्ये कशी लिहावी

प्रश्न: "एमबीए फायनान्स, दुसरं वर्ष, जळगाव. समर इंटर्नशिप जिनिंग-प्रेसिंग मिलच्या अकाउंट्समध्ये केली. प्रोफाइलमध्ये लिहिलंय, 'वर्किंग कॅपिटल मॅनेजमेंटचा अभ्यास केला.' शिवाय एक लाइव्ह प्रोजेक्ट आणि केस स्पर्धेची दुसरी फेरी. फायनान्स किंवा कन्सल्टिंगसाठी हे चालेल का?"

मिलचं नाव बिनधास्त लिहा. अडचण 'अभ्यास केला' या शब्दांत आहे; तुमच्या हातून काय झालं ते त्यातून कळत नाही.

जिनिंगमध्ये कापूस घेताना मिलला शेतकऱ्याचे पैसे लगेच चुकते करावे लागतात, गाठी मात्र उधारीवर जातात. मधली तूट बँकेच्या कॅश क्रेडिटवर निघते आणि त्यातून किती उचलता येईल हे स्टॉक स्टेटमेंटवरून काढलेली ड्रॉइंग पॉवर ठरवते. ड्रॉइंग पॉवरचा तक्ता तुम्ही केला असेल, तर तोच लिहा.

समजा, कापूस, गाठी आणि सरकी मिळून साठा ४ कोटींचा आणि त्यातल्या व्यापाऱ्यांकडून उधार घेतलेल्या ६० लाखांच्या मालाचे पैसे अजून द्यायचे आहेत. देणी वजा केल्यावर राहिले ३.४० कोटी, २५ टक्के मार्जिन सोडलं की २.५५ कोटी. येणी १.२० कोटी, पण त्यातली २० लाखांची ९० दिवसांपेक्षा जुनी, म्हणून बाजूला. उरलेल्या १ कोटीवर ४० टक्के मार्जिन धरलं तर ६० लाख. एकूण ड्रॉइंग पॉवर ३.१५ कोटी. मार्जिन आणि दिवसांची अट मंजुरीपत्रात असते. तुमच्या मिलचीच घ्या. जुनी येणी बाजूला काढायची राहिली, तर उत्तर १२ लाखांनी फुगतं.

आता ओळ अशी होते: "कॅश क्रेडिटचा ड्रॉइंग पॉवर तक्ता तयार केला, ९० दिवसांवरची येणी वगळल्याने उचल मर्यादा ३.७ टक्क्यांनी कमी होते हे दाखवलं." टक्केवारी मुद्दाम दिली, मिलचे आकडे परवानगीशिवाय बाहेर काढू नयेत. मुलाखतीत पुढचा प्रश्न बहुधा येणार, देणी का वजा केली? कारण त्या मालात पुरवठादाराचा पैसा अडकलेला आहे, मिलचा नाही; त्यावर बँक पुन्हा कर्ज देत नाही. हे अडखळत सांगितलंत, तर ती ओळ तुमच्यावरच उलटते.

कन्सल्टिंगसाठी वेगळी प्रत करा. तिथे केस स्पर्धा वर घ्या: किती संघांतून दुसऱ्या फेरीत गेलात, तुमची शिफारस काय होती आणि गणितातला कोणता भाग तुमचा. नुसतं 'टीम लीडर' लिहून काही कळत नाही. लाइव्ह प्रोजेक्टला दोन ओळी पुरेत, त्यातली एक मालकाने तुमची सूचना स्वीकारली की नाही याची. नाकारली असेल तरी कारणासकट लिहा. मला तरी ती ओळ जास्त खरी वाटते.

स्पेशलायझेशन पदवीच्याच ओळीत बसवा, आणि ज्यावर प्रश्न आले तर चालतील असे दोनच ऐच्छिक विषय सोबत द्या.