फोनवर गाणं चालू असताना मधूनच लॅपटॉपवर नाहीतर स्पीकरवर घ्यायचं असेल तर ते पहिल्यापासून सुरू न होता जिथे होतं तिथूनच कसं चालू ठेवायचं?

दुसऱ्या डिव्हाइसवर जाऊन तेच गाणं परत शोधून प्ले करू नका, बहुतेक वेळा घोळ तिथेच होतो. ॲपमध्येच डिव्हाइस बदलायचं बटण असतं ते वापरा. मी स्पॉटिफाय वापरतो म्हणून त्याचंच सांगतो, त्यात याला स्पॉटिफाय कनेक्ट म्हणतात आणि हे २०१३ पासून आहे, पण अजून कित्येक जण त्या आयकॉनला हातच लावत नाहीत.

समजा फोनवर गाणं २:४० ला पोचलंय. लॅपटॉपवर ॲप उघडा, लॉगिन त्याच अकाउंटने असलं पाहिजे. उघडल्यावर खाली तेच गाणं सरकताना दिसेल आणि ते फोनवर वाजतंय असंही लिहिलेलं असेल. इथे लोक गोंधळतात, कारण लॅपटॉपवर पॉज दाबला तर फोन थांबतो आणि दुसरं गाणं लावलं तर तेही फोनवरच वाजतं, म्हणजे त्या क्षणी लॅपटॉप नुसता रिमोट असतो. आता खालच्या पट्टीत कॉम्प्युटर आणि स्पीकरचं छोटं चित्र आहे त्यावर क्लिक करा आणि यादीतून लॅपटॉप निवडा. फोन गप्प होतो, लॅपटॉप तो तुकडा नेटवरून ओढतो आणि २:४० च्या आसपास सुरू होतो, मध्ये एखाद-दोन सेकंद शांतता जाते तेवढी चालायचीच. गाणं कुठपर्यंत आलं आणि पुढे रांगेत काय आहे हे सगळं अकाउंटच्या नावावर असतं, म्हणून ते हलवता येतं.

स्पीकरचं मात्र दोन प्रकारचं असतं. वायफाय स्पीकर असेल आणि त्यात कनेक्ट असेल तर तो त्याच यादीत दिसतो, निवडला की गाणं स्वतःच नेटवरून घेतो, मग फोन बंद केला तरी वाजत राहतो. ब्लूटूथ स्पीकरला गाणं-बिणं काही कळत नाही, फोन जो आवाज पाठवेल तो वाजवायचा एवढंच त्याचं काम. तुमचं कुठल्या मार्गाने चाललंय हे ओळखायचं असेल तर व्हॉट्सॲपची टिंग कुठून येते ते ऐका. स्पीकरमधून आली तर ब्लूटूथ.

म्हणूनच फोनला जोडलेल्या ब्लूटूथ स्पीकरवर वाजत असताना यादीतून लॅपटॉप निवडला तर आवाज लॅपटॉपच्याच स्पीकरमधून येतो आणि तो ब्लूटूथ स्पीकर मुका बसतो. तो लॅपटॉपला हवा असेल तर आधी फोनचं ब्लूटूथ बंद करा, गाणं आपोआप पॉज होईल (कनेक्शन तुटलं की फोनच्या स्पीकरवर मोठ्याने सुरू होऊ नये म्हणून तसं केलेलं असतं) आणि जागाही तीच राहील. मग लॅपटॉपला स्पीकर जोडा, यादीतून लॅपटॉप निवडा, प्ले दाबा. सुरळीत व्हायला हाच क्रम ठेवा, कारण साधे स्पीकर एका वेळी एकालाच चिकटतात आणि फोनने धरून ठेवला असेल तर लॅपटॉप नुसता शोधतच बसतो.

वायफाय स्पीकर यादीत दिसतच नसेल तर आधी दोन्ही एकाच वायफायवर आहेत का बघा. फोन गेस्ट नेटवर्कवर असेल तर नाव सारखं वाटलं तरी राउटर दोघांना एकमेकांशी बोलू देत नाही. व्हीपीएन चालू असेल तर बंद करून बघा, आणि आयफोन असेल तर सेटिंग्जमध्ये स्पॉटिफायला Local Network ची परवानगी दिलीय का तेही बघा, पहिल्यांदा विचारतं तेव्हा घाईत नाही म्हटलेलं असतं आणि नंतर आठवतही नाही. लॅपटॉप दिसत नसेल तर बहुतेक वेळा तो झोपलेला असतो किंवा ॲप पूर्ण बंद असतं.

स्वतःच्या फोनमध्ये साठवलेल्या एमपीथ्री फाइल्स मात्र अशा वायफाय स्पीकरवर हलवता येत नाहीत, कारण त्या फाइल्स नेटवर नाहीतच, स्पीकर आणणार कुठून. त्यांच्यासाठी ब्लूटूथच बरं.

आणि रात्री स्पीकर निवडायच्या आधी त्याचा आवाज बघून घ्या, तो शेवटचा ज्या व्हॉल्यूमवर ठेवला असेल त्यावर सुरू होऊ शकतो, फोनवर किती बारीक होता याच्याशी त्याला देणंघेणं नसतं.