करंजी कुठून फुटली ते आधी बघा

प्रश्न: सुक्या खोबऱ्याच्या करंज्या तळताना फुटतात, सारण तेलात पसरून काळं होतं. कडा नीट दाबते तरी असं का होतं?

फुटलेली एक करंजी उचला आणि चीर कडेला आहे की पोटावर ते बघा. दोन्हींची कारणं वेगळी.

कडेला सुटली असेल तर तिथे बहुधा सारण लागलेलं असतं. भाजून चुरलेलं खोबरं तेलकट असतं. त्याचा भुगा आणि पिठीसाखर बोटांना चिकटते, आणि त्याच बोटांनी आपण कड दाबतो. मधे भुगा आला की पीठ पिठाला धरत नाही. म्हणून मी सारण चमच्यानेच भरते. चार इंचांच्या पारीला पोह्याचा दीड चमचा पुरे, तेही पारीच्या एकाच अर्ध्या भागात, कडेपासून बोटभर आत. मग अर्ध्या कडेवरून दुधाचं बोट फिरवायचं. नुसतं ओलसर करायचं, जास्त ओली झालेली कड घसरते.

खरी चूक पुढे होते. मागच्या दिवाळीत माझ्या पहिल्या घाण्यातल्या सहापैकी दोन फुटल्या, दोन्ही एकाच टोकाला. मी डावीकडून दाबत उजवीकडे जात होते आणि आतली हवा त्या उजव्या टोकात कोंडत होती. गरम तेलात ती फुगते आणि जिथे कड कच्ची तिथून वाट काढते. तेव्हापासून पारी दुमडली की एक टोक उघडं ठेवते, दुमडलेल्या बाजूने तळहाताने हलकेच दाबत हवा तिकडे सारते आणि मगच ते टोक मिटते. कातण शेवटी फिरवायचं. ते कापतं, चिकटवत नाही. मुरड येत असेल तर तीच घाला, कड दुहेरी होते. सुरुवातीचं आणि शेवटचं टोक मात्र अंगठ्याने घट्ट दाबा.

चीर पोटावर असेल तर पारी मधे पातळ झालीय, वाळलीय किंवा खोबऱ्याचा टोकदार तुकडा टोचलाय. खोबरं बारीक किसा. रवा-मैद्याचं पीठ घट्ट भिजवून तासभर झाका, मग कुटून मऊ करा. लाट्या आणि भरलेल्या करंज्या घट्ट पिळलेल्या ओल्या फडक्याखाली ठेवा. उघड्या राहिल्या तर पोटावर केसासारख्या भेगा दिसतात. अशा तळू नका, सारण काढून नव्या पारीत भरा.

तेल मध्यम आचेवर असू द्या; पिठाची गोळी टाकली की ती सावकाश वर यावी. तळताना करंजीच्या एकाच जागेवरून बुडबुड्यांची धार लागली तर ती तिथे सुटतेय. लगेच झाऱ्याने काढा. सारण सांडलंच तर आच बंद करून तेल गाळा, नाहीतर जळलेलं खोबरं पुढच्या घाण्याला चिकटतं.