सैंधव, खडेमीठ आणि ‘लो सोडियम’

प्रश्न: ‘रॉक सॉल्ट’ म्हणजे खडेमीठ की सैंधव? आणि यांपैकी ‘लो सोडियम’ कोणतं? बाबांना रक्तदाब आहे, वहिनी गरोदर आहे. घरात एकच मीठ आणायचं तर कुठलं आणावं?

सैंधव. खडेमीठ हा शब्द मिठाचा आकार सांगतो, ते आलं कुठून हे सांगत नाही. जाड दाण्याचं मीठ ते खडेमीठ, आणि आपल्याकडे ते बहुधा समुद्राचं पाणी आटवून केलेलं असतं. ‘रॉक’चा खडक आणि खडकाचा खडा असं करत काही जण खडेमिठापर्यंत पोचतात आणि घोळ होतो. सैंधव खाणीतून निघतं. सिंधूकडचं म्हणून सैंधव, आणि ‘सैंधव लवण’ झिजून शेंदेलोण. पादेलोण मात्र वेगळं, ते गंधकाच्या वासाचं काळं मीठ.

‘लो सोडियम’ यांपैकी एकही नाही. सैंधव असो, खडेमीठ असो की बारीक दळलेलं, जवळपास सगळं सोडियम क्लोराइडच असतं आणि त्याच्या वजनात सुमारे ३९ टक्के सोडियम असतं. सैंधवाचा गुलाबी रंग लोहाच्या अंशाचा. त्यातली इतर खनिजं इतकी थोडी की चिमूटभर मिठातून ती मिळतील असं धरू नये. जाड दाण्याचा एक चमचा बारीक मिठाच्या चमच्यापेक्षा हलका भरतो, त्यामुळे त्यात सोडियम कमी आहे असं वाटतं. पण चवीला कमी पडलं की आपण आणखी घालतो, आणि हिशोब पुन्हा तिथेच येतो.

खरं लो सोडियम मीठ म्हणजे ज्यात सोडियम क्लोराइडचा काही भाग काढून त्या जागी पोटॅशियम क्लोराइड घातलेलं असतं. म्हणून पाकिटावरच्या ठळक नावापेक्षा मागचे घटक वाचा. तिथे पोटॅशियम क्लोराइड दिसलं पाहिजे. शंभर ग्रॅममागे सोडियम ३८-३९ ग्रॅम असेल तर ते साधंच मीठ, समोर काहीही छापलेलं असो. पाऊण भाग सोडियम क्लोराइड आणि पाव भाग पोटॅशियम क्लोराइड असेल तर तो आकडा साडेएकोणतीसच्या आसपास येतो. चीनमधल्या ६०० खेड्यांत नेमकं हेच प्रमाण वापरून मोठा अभ्यास झाला होता. त्याचे निष्कर्ष २०२१ साली आले आणि त्यात पक्षाघाताचं प्रमाण घटलेलं दिसलं. पोटॅशियमचा वाटा वाढला की जिभेला किंचित कडवट, धातूसारखी चव जाणवते.

आता बाबांचं. त्या पाव भागाच्या मिठातून रोज पाच ग्रॅम गेलं तर साडेसहाशे मिलिग्रॅमच्या आसपास जादा पोटॅशियम पोटात जातं. निरोगी मूत्रपिंड ते सहज बाहेर टाकतं. मूत्रपिंड कमजोर असेल, किंवा रक्तदाबाच्या गोळ्यांत पोटॅशियम शरीरात साठवून ठेवणारी गोळी असेल (नावाच्या शेवटी ‘प्रिल’ किंवा ‘सार्टन’ असलेल्या, आणि स्पायरोनोलॅक्टोन), तर रक्तातलं पोटॅशियम वाढून हृदयाचे ठोके बिघडू शकतात. हे वाढणं बऱ्याचदा बाहेरून काहीच कळत नाही, रक्ततपासणीतच दिसतं. त्यामुळे बाबांची गोळ्यांची पट्टी डॉक्टरांना दाखवून, क्रिएटिनिन आणि पोटॅशियम तपासूनच हे मीठ सुरू करावं. जागतिक आरोग्य संघटनेनेही २०२५ च्या शिफारशीत लहान मुलं, गरोदर स्त्रिया आणि मूत्रपिंडाचे रुग्ण यांना वगळलं आहे.

वहिनींसाठी बघायचा शब्द ‘आयोडीनयुक्त’. हा शब्द मीठ कुठून आलं ते सांगत नाही, त्यात वरून काय घातलं ते सांगतो. म्हणून समुद्री मीठही आयोडीनयुक्त असू शकतं आणि सैंधवही. समुद्राचं म्हणजे त्यात आयोडीन असणारच, हा समज मात्र चुकीचा आहे. लिटरभर समुद्राच्या पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार आणि आयोडीन फार तर ६० मायक्रोग्रॅम. ते सगळं मिठात उतरलं असं धरलं तरी पाच ग्रॅम मिठातून आठ-नऊ मायक्रोग्रॅमच मिळतील. गरोदरपणी रोज २५० लागतात, एरवी मोठ्या माणसाला १५०. किलोला ३० मिलिग्रॅम आयोडीन घातलेलं मीठ असेल तर त्याच पाच ग्रॅममधून १५० मिळतात. बाळाच्या मेंदूची वाढ आईच्या आयोडीनवर अवलंबून असते, त्यामुळे इथे मला तडजोड पटत नाही. उरलेली गरज कशी भागवायची, हे वहिनींच्या डॉक्टरांनी ठरवावं.

तेव्हा एकच आणायचं असेल तर साधं आयोडीनयुक्त मीठ आणा आणि डबा झाकून, ओलीपासून लांब ठेवा, कारण दमट हवेत आयोडीन हळूहळू कमी होतं. बाबांसाठी त्यातलंच थोडं कमी घाला. पुढे डॉक्टरांनी होकार दिला तर त्यांचं लो सोडियम मीठ वेगळ्या डब्यात ठेवा, आणि त्या पाकिटावरही ‘आयोडीनयुक्त’ आहे का ते बघा, कारण काहींवर नसतं.