फाशीवरचा निबंध: जरबेचा पुरावा आणि निर्दोषाचा धोका

प्रिय मित्रा,

तुझा मसुदा वाचला. दोन परिच्छेद फाशीच्या बाजूने, दोन विरोधात आणि शेवटी ‘दोन्ही बाजूंमध्ये तथ्य आहे’ असं एक वाक्य. समतोल साधायला तू जागा सारखी वाटून दिलीस, पण वाचणाऱ्याला त्यातून काहीच ठरवता येत नाही. या विषयात हाताशी असलेले दोन पुरावे एकाच जातीचे नाहीत. फाशीची जरब बसते का, याबद्दलचा पुरावा अनिश्चित आहे. निर्दोष माणसाला मृत्युदंड होतो का, याबद्दलचा पुरावा बराच पक्का आहे, पण त्याचा आकडा हा किमान अंदाज आहे. प्रत्येक पुरावा जेवढा भार पेलतो तेवढाच त्याच्यावर टाकायचा, हा खरा समतोल. तुझ्या निबंधाची बांधणी त्यावरच उभी राहायला हवी.

सुरुवात प्रश्नापासून कर. ‘फाशी असावी की नसावी’ हा प्रश्न एका निबंधात मावणार नाही. तो असा अरुंद कर: खुनासाठी जन्मठेपेऐवजी फाशी दिली तर जास्तीचे जीव वाचतात का, आणि त्यासाठी निर्दोष माणूस मारला जाण्याचा धोका पत्करावा का? ‘जन्मठेपेऐवजी’ हा शब्द अजिबात गाळू नकोस. तुझ्या मसुद्यात फाशीची तुलना नकळत ‘काहीच शिक्षा नाही’ याच्याशी झाली आहे. शिक्षेची भीती असते हे कोणीच नाकारत नाही. आयुष्यभराच्या तुरुंगवासापेक्षा फाशीची भीती जास्त काम करते का, एवढाच वाद आहे.

‘खुन्याला हीच शिक्षा योग्य’ हा प्रतिशोधाचा युक्तिवाद एका वाक्यात स्पष्टपणे बाजूला ठेव. तो मूल्यांचा प्रश्न आहे, आकड्यांनी सुटणारा नाही, एवढं सांगितलंस की पुरे. न सांगता गाळलास तर मात्र परीक्षक विचारणारच.

आता जरबेकडे येऊ. तू लिहिलंस, ‘फाशीमुळे गुन्हे कमी होत नाहीत हे संशोधनाने सिद्ध झाले आहे.’ हे वाक्य चुकीचं आहे, आणि निबंधाचा सगळा तोल त्याने बिघडतो. मुळात काय घडलं ते बघ.

1975 मध्ये आयझॅक एर्लिक या अर्थतज्ज्ञाने 1933 ते 1969 या काळातली अमेरिकेची आकडेवारी तपासून मांडलं की एका फाशीमागे सात-आठ खून टळत असावेत. आकडा लक्षात राहण्यासारखा होता आणि तो लगेच न्यायालयीन वादातही पोचला. मग इतर अभ्यासकांनी तीच आकडेवारी उघडली. 1960 च्या दशकातली शेवटची काही वर्षं वगळली की तो परिणाम नाहीसा होत होता. त्या वर्षांत अमेरिकेत फाशी जवळजवळ थांबली होती आणि खून वाढत होते, पण त्याच काळात बाकीचे गुन्हेही वाढत होते. दरोडा किंवा घरफोडीला फाशी अगदी क्वचितच होत असे, तरी त्यांचे आकडे चढतच होते. मग खुनांची वाढ फाशी थांबल्यामुळेच झाली असं कसं म्हणायचं?

पुढच्या तीस वर्षांत अशा अभ्यासांची रांगच लागली. कुणाला जरब दिसली, कुणाला नाही, तर कुणाला फाशीनंतर खून वाढलेले दिसले. 2012 मध्ये अमेरिकेच्या नॅशनल रिसर्च कौन्सिलच्या समितीने हे सगळं तपासलं. या अभ्यासांवरून फाशीने खून कमी होतात, वाढतात की काहीच फरक पडत नाही, यातलं काहीही सांगता येत नाही, आणि म्हणून धोरण ठरवताना त्यांचा आधार घेऊ नये, असा तिचा निष्कर्ष होता. तिने दाखवलेली एक मोठी उणीव तुझ्या उपयोगाची आहे: बहुतेक अभ्यासांनी फाशीऐवजी मिळणाऱ्या शिक्षेचा, म्हणजे जन्मठेपेचा, परिणाम हिशेबात धरलाच नव्हता. तू प्रश्नात ‘जन्मठेपेऐवजी’ का ठेवायचं, ते इथे कळेल.

मोजणं इतकं अवघड का, हे निबंधात एका उदाहरणाने दाखव. 1977 नंतर अमेरिकेत सगळ्यात जास्त फाशी झालेलं वर्ष 1999. त्या वर्षी 98 जणांना मृत्युदंड दिला गेला, आणि खून झाले सुमारे साडेपंधरा हजार. खुनांचा आकडा इतर कारणांनीच दरवर्षी शेकड्यांनी वरखाली होतो. त्या चढउतारात 98 फाशींचा परिणाम असला तरी वेगळा काढणार कसा? शिवाय त्या 98 पैकी 35 एकट्या टेक्ससमधल्या होत्या, म्हणजे टेक्ससला हिशेबात धरलं की वगळलं यावरच उत्तर बदलू शकतं.

म्हणून तुझं वाक्य असं कर: ‘जन्मठेपेच्या तुलनेत फाशीची अधिक जरब बसते, असे उपलब्ध अभ्यासांवरून म्हणता येत नाही, ती बसत नाही, असेही म्हणता येत नाही.’ वाचताना हे मिळमिळीत वाटेल, वाटू दे. ‘परिणाम सापडला नाही’ आणि ‘परिणाम नाही’ यांत फरक आहे, आणि तुझ्या निबंधाचं पुढचं पाऊल याच फरकावर पडणार आहे.

दुसरा पुरावा निर्दोषांचा. इथे तू लिहिलंस, ‘फाशी दिलेल्यांपैकी चार टक्के लोक निर्दोष असतात.’ आकडा खरा आहे, पण तो दुसऱ्याच गोष्टीचा आहे. 2014 मध्ये सॅम्युअल ग्रॉस आणि सहकाऱ्यांनी 1973 ते 2004 या काळात अमेरिकेत मृत्युदंड सुनावलेल्या लोकांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांतले सुमारे 1.6 टक्के पुढे निर्दोष ठरून सुटले होते. अभ्यासकांचा प्रश्न होता की हा आकडा पुरा आहे का. ज्यांची फाशी रद्द होऊन जन्मठेप झाली त्यांच्या खटल्याकडे मग कोणी फारसं बघत नाही. वकील, स्वयंसेवी संस्था, वार्ताहर यांचं लक्ष फाशीच्या छायेत असलेल्यांकडे असतं. त्यामुळे जन्मठेपेवर गेलेल्यांत निर्दोष असले तरी ते बहुधा तसेच आत राहतात. हे लक्षात घेऊन त्यांनी हिशेब केला: मृत्युदंड सुनावलेले सगळेच कायम त्या छायेत राहिले असते, तर किमान 4.1 टक्के निर्दोष ठरले असते.

हा आकडा शिक्षा सुनावलेल्यांचा आहे, प्रत्यक्ष फाशी झालेल्यांचा नाही. फाशी झालेल्यांत निर्दोषांचं प्रमाण यापेक्षा कमी असावं, असं अभ्यासकांनीच म्हटलं आहे, कारण शंकास्पद खटल्यांतल्या बऱ्याच जणांची फाशी आधीच टळते. तू हे स्वतःहून लिहिलंस तर तुझा युक्तिवाद कमजोर होणार नाही. विरोधकाने काढायची खोट तूच काढून ठेवलेली असेल, आणि ‘प्रमाण कमी, पण शून्य नाही’ हे म्हणणं टिकून राहील.

टक्केवारीनंतर एक खटला सविस्तर घे. तू पाच खटले एकेका ओळीत उरकलेस. त्याने यादी होते, पण चूक घडते कशी ते दिसत नाही. मी टिमथी एव्हन्सचा खटला निवडीन. 1949 मध्ये लंडनमध्ये त्याची बायको आणि तान्ही मुलगी खून झालेल्या अवस्थेत सापडल्या. त्याने पोलिसांना एकमेकांशी न जुळणारे जबाब दिले, त्यांत कबुलीही होती. खटल्यात मात्र तो सांगत राहिला की हे काम खालच्या मजल्यावरच्या जॉन क्रिस्टीचं आहे. हाच क्रिस्टी सरकारी पक्षाचा मुख्य साक्षीदार होता. मुलीच्या खुनाबद्दल एव्हन्सला मार्च 1950 मध्ये फाशी झाली. तीन वर्षांनी क्रिस्टीच्या घरात इतर स्त्रियांचे मृतदेह सापडले आणि एव्हन्सच्या बायकोला मारल्याचं त्याने कबूल केलं.

आता इथे घाई करू नकोस. 1966 च्या चौकशीत असा निष्कर्ष निघाला की एव्हन्सने मुलीला बहुधा मारलं नव्हतं, पण बायकोला बहुधा त्यानेच मारलं होतं. त्यानंतर त्याला मरणोत्तर माफी मिळाली. दोघींपैकी कोणाचाही खून त्याने केला नव्हता हे उच्च न्यायालयाने मान्य केलं ते 2004 मध्ये, फाशीनंतर चौपन्न वर्षांनी. हा गुंता सरळ करून सांगू नकोस, तो आहे तसाच मांड. कबुलीजबाब आणि विश्वासू वाटणारा साक्षीदार, दोन्ही असूनही निकाल चुकला. आणि सत्य कळायला जो वेळ लागला, तो फाशीने त्याला दिला नाही. जन्मठेपेतही निर्दोष माणूस अडकतो, हा आक्षेप तुझ्यावर येईलच. त्याचं उत्तर या वेळेतच आहे: तिथे उरलेलं आयुष्य परत करता येतं, गेलेली वर्षं मात्र तिथेही परत येत नाहीत. हेही लिही.

आता सगळ्यात महत्त्वाचा परिच्छेद, जो तुझ्या मसुद्यात नाहीच. दोन्ही पुरावे एकमेकांसमोर आणायचा. इथे फाशीच्या बाजूचा सर्वांत ताकदवान युक्तिवाद घे, कमकुवत नको. 2005 मध्ये कॅस सन्स्टीन आणि एड्रियन वर्म्यूल या कायद्याच्या अभ्यासकांनी तो मांडला आहे: फाशीने खरोखरच अनेक खून टळत असतील, तर फाशी न देणाऱ्या सरकारवर त्या खुनांची जबाबदारी येते. चुकून फाशी गेलेला निर्दोष, तसाच खून झालेलाही निर्दोषच. हा युक्तिवाद पूर्ण ताकदीने लिही. त्यातल्या ‘असतील तर’ वर बोट नंतर ठेव. तो सगळा डोलारा जरबेच्या पुराव्यावर उभा आहे, आणि तो पुरावा काय सांगतो व काय सांगत नाही हे तू आधीच दाखवलेलं असेल.

मग सिद्ध करण्याची जबाबदारी कोणाची, हे ठरव. मला वाटतं ती परत न घेता येणारी शिक्षा देणाऱ्याची. फायदा सिद्ध नाही आणि हानी निदान काही प्रमाणात सिद्ध आहे, अशा वेळी पारडं विरोधाकडे झुकतं. तुझं मत उलट असू शकतं: जरबेची शक्यता अगदी थोडी असली तरी संभाव्य बळींसाठी ती धरून चालावी, असं कोणी प्रामाणिकपणे म्हणू शकतो. तसं म्हणायचं असेल तर किती शक्यता पुरेशी मानतोस आणि निर्दोषांचा धोका किती चालेल, हे तुला लिहावं लागेल. आकडा देता आला नाही तरी कोणत्या पुराव्याने तुझं मत बदलेल, ते सांगता यायला हवं.

जागेचं म्हणशील तर प्रश्नाची मांडणी थोडक्यात, जरबेला एक मोठा परिच्छेद, निर्दोषांना आकड्यांसाठी एक आणि एव्हन्ससाठी एक. उरलेला जवळजवळ तिसरा हिस्सा या समोरासमोरच्या परिच्छेदांना दे. शेवटच्या परिच्छेदात नवा मुद्दा आणू नकोस. खर्च, दयेचा अर्ज, शिक्षा देण्याची पद्धत हे सगळं काढून टाक.

लिहिताना मात्र समोरासमोरचा परिच्छेद आधी लिही, मग त्याला लागतील तेवढेच तपशील मागच्या परिच्छेदांत ठेव. तो एकच परिच्छेद येत्या आठवड्यात पाठव. बाकीचं त्यानंतर बघू.

सस्नेह आशीर्वाद.