युरो नोटेवरचं पहिलं अक्षर: आधी नोट जुनी की नवी ते बघा

प्रश्न: भाऊ जर्मनीहून आला, त्याने थोडे युरो दिले. ५० च्या नोटेचा नंबर X ने सुरू होतो, २० च्या नोटेचा UE ने. X म्हणजे जर्मनीत छापलेली असं एकाने सांगितलं, पण नेटवर एका तक्त्यात E म्हणजे स्लोव्हाकिया दिलंय. मग २० ची नोट कुठली? आणि अक्षरावरून छपाईचा देश खरंच कळतो का?

२० ची नोट फ्रान्समध्ये छापलेली आहे, स्लोव्हाकियाचा तिच्याशी काही संबंध नाही. ५० ची नोट बहुधा जर्मनीत छापलेली असेल, पण ते X वरून ठरत नाही. पहिल्या अक्षराचा अर्थ नोट कोणत्या मालिकेतली आहे त्यावर अवलंबून असतो, आणि बहुतेकांची फसगत इथेच होते.

युरो नोटांच्या दोन मालिका आहेत. पहिली १ जानेवारी २००२ रोजी चलनात आली. दुसरी, जिला युरोपा मालिका म्हणतात, ती टप्प्याटप्प्याने आली: ५ ची नोट मे २०१३ मध्ये, १० ची २०१४ मध्ये, २० ची २०१५ मध्ये, ५० ची एप्रिल २०१७ मध्ये, आणि १०० व २०० च्या मे २०१९ मध्ये. ५०० ची नवी नोट काढलीच नाही. दोन्ही मालिका चालतात, त्यामुळे एकाच पाकिटात दोन्ही सापडतात. ओळखायला चित्रं ताडून बघायची गरज नाही. नोट उलटी करा आणि नंबर वाचा. एक अक्षर आणि ११ आकडे असतील तर जुनी, दोन अक्षरं आणि १० आकडे असतील तर नवी. तुमच्या वर्णनावरून ५० ची जुनी दिसते आणि २० ची नवी.

आधी जुनी घेऊ. पहिल्या मालिकेत नंबराचं अक्षर नोट कोणी छापली हे सांगतच नव्हतं. ती छापून घेण्याची जबाबदारी कुठल्या देशाच्या मध्यवर्ती बँकेवर होती, तेवढंच ते सांगतं. X म्हणजे जर्मनीची बुंडेसबँक, U म्हणजे फ्रान्स, S इटली, V स्पेन, N ऑस्ट्रिया, P नेदरलँड्स, Y ग्रीस, Z बेल्जियम. ही अक्षरं उगाच वाटलेली नाहीत. देशांची नावं त्यांच्या स्वतःच्या भाषेतली घेऊन क्रमाने मांडली आणि Z पासून उलटं मोजत आले, म्हणून बेल्जियमला Z आणि डॉइचलांडला X. ग्रीस आणि डेन्मार्क यांची अक्षरं मात्र आपापसांत बदलली, कारण ग्रीक लिपीत W नाही, पण Y सारखं दिसणारं अक्षर आहे.

छापून घेणारा आणि छापणारा एकच असेल असं नाही, हे कळायला छोट्या देशांकडे बघावं. स्लोव्हेनियाला H, सायप्रसला G, माल्टाला F, स्लोव्हाकियाला E, एस्टोनियाला D अशी अक्षरं मिळाली, पण युरो नोटा छापणारा छापखाना यांपैकी एकाकडेही नाही. म्हणजे जुन्या मालिकेतली E ची नोट स्लोव्हाकियाच्या नावावर असली, तरी ती छापली गेली दुसऱ्याच देशात. मोठ्या देशांनीही काही नोटा बाहेरून छापून घेतल्या. कोणत्या बँकेने कोणत्या किमतीच्या किती नोटा छापून घ्यायच्या याची वाटणी दरवर्षी होते, आणि प्रत्येक देश सगळ्या किमतींच्या नोटा काढतो असंही नाही.

मग जुन्या नोटेचा छापखाना कुठे बघायचा? त्यासाठी पुढच्या बाजूला एक बारीक संकेत छापलेला असतो, P007B3 अशा धर्तीचा. ५० च्या जुन्या नोटेवर तो चित्राच्या उजव्या कडेला असतो. १० आणि २० वर तो ताऱ्यांपाशी लपलेला असतो, चष्मा असला तरी भिंग घ्या. त्यातलं पहिलं अक्षर छापखान्याचं, पुढचे तीन आकडे छपाईच्या प्लेटचे, आणि शेवटचं अक्षर व आकडा म्हणजे मोठ्या कागदावर ही नोट कितव्या ओळीत आणि कितव्या रकान्यात होती ते.

गंमत म्हणजे या बारीक संकेतातली अक्षरं नंबरातल्या अक्षरांशी अजिबात जुळत नाहीत. नंबरात P म्हणजे नेदरलँड्स, पण बारीक संकेतात P म्हणजे जर्मनीतली गीझेके उंड डेफ्रिएंट ही छपाई कंपनी. नंबरात U म्हणजे फ्रान्स, संकेतात U म्हणजे पोर्तुगालचा छापखाना. नंबरात N ऑस्ट्रिया, संकेतात N ग्रीस. संकेतात H दिसला तर ती नोट इंग्लंडमध्ये, गेट्सहेडला द ला रू या कंपनीने छापलेली, म्हणजे ज्या देशाने युरो कधी घेतलाच नाही तिथे. एकाच नोटेवर दोन वेगवेगळ्या भाषांत पत्ता लिहावा तसा हा प्रकार आहे. तेव्हा तुमच्या ५० च्या नोटेवर बारीक संकेत P किंवा R ने सुरू होत असेल (R म्हणजे बर्लिनची बुंडेसड्रुकेराय), तर तुम्हाला जर्मनीत छापलेली असं सांगणारा बरोबर आहे. तिसरंच अक्षर निघालं, तर ती नोट जर्मनीने बाहेरून छापून घेतलेली.

आता नवी मालिका. इथे हा घोळ बराचसा मिटवला. नंबराचं पहिलं अक्षरच छापखान्याचं झालं. बारीक संकेत पुढच्या बाजूला अजून असतो, पण त्याचं पहिलं अक्षर आणि नंबराचं पहिलं अक्षर आता एकच असतं. तुमच्या UE मधला U म्हणजे बँक द फ्रान्स, जिचा छापखाना क्लेरमाँ-फेराँजवळ आहे. दुसरं अक्षर E कुठल्याच देशाचं नाही. ११ ऐवजी १० आकडे झाल्यावर नंबर पुरावेत म्हणून ते जोडलंय, बस्स.

तुम्हाला मिळालेला तक्ता जुन्या मालिकेचा आहे. तो नव्या नोटांना लावला की काही अक्षरं बरोबर येतात आणि काही साफ चुकतात, म्हणून चूक लवकर लक्षात येत नाही. U, S, V, N, P, Y, Z, X यांचे देश दोन्हीकडे तेच राहिले. पण नव्या नोटेवर पहिलं अक्षर E असेल तर फ्रान्समधली खाजगी कंपनी ओबेर्तूर, स्लोव्हाकिया नव्हे. F असेल तर त्याच कंपनीचा बल्गेरियातला छापखाना, माल्टा नव्हे. D म्हणजे पोलंडचा सरकारी छापखाना, एस्टोनिया नव्हे. H आणि J दोन्ही इंग्लंडमधले द ला रूचे छापखाने, एक लाउटनचा आणि एक गेट्सहेडचा. W जुन्या मालिकेत डेन्मार्कसाठी राखून ठेवला होता, नव्यात तो लाइपझिगच्या छापखान्याला दिला. म्हणून जर्मनीत छापलेल्या नव्या नोटेवर तीनपैकी एक अक्षर येऊ शकतं: म्युनिकसाठी X, लाइपझिगसाठी W, बर्लिनसाठी R.

नंबर नीट वाचला की नाही हे पडताळायची एक सोपी रीत आहे, कारण शेवटचा आकडा मुद्दाम हिशेबाने बसवलेला असतो. अक्षराचा इंग्रजी वर्णमालेतला क्रमांक घ्या, त्यात सगळे आकडे मिळवा, ९ ने भागा. जुन्या नोटेत बाकी ८ उरली पाहिजे, नव्या नोटेत दोन्ही अक्षरांचे क्रमांक धरून ७. माझ्या मनाने रचलेला एक नंबर घेऊ, X20417365811. X चा क्रमांक २४, आकड्यांची बेरीज ३८, एकूण ६२. ९ सक ५४, बाकी ८, जमलं. नवा घ्यायचा तर UE4102637957: U चे २१, E चे ५, आकड्यांचे ४४, एकूण ७०. ९ सत्ते ६३, बाकी ७. तुमच्या नोटांवर करून बघा. बाकी वेगळी आली तर शक्यतो तुमचंच वाचताना काहीतरी चुकलंय, घडीवर किंवा मळक्या जागी ३ चा ८ वाटतो.

मात्र या हिशेबाने नोट खरी ठरत नाही. दोन आकडे मागेपुढे झाले तर बेरीज तीच राहते, आणि ० च्या जागी ९ आला तरी बाकी बदलत नाही. शिवाय नकली नोटा छापणारे एखाद्या खऱ्या नोटेचा नंबर जसाच्या तसा उचलतात, त्यामुळे नकली नोटेतही बाकी अगदी बरोबर येते. शंका असेल तर कागदाचा कडकपणा, उजेडात दिसणारं जलचिन्ह आणि नोट तिरकी केल्यावर बदलणारं चित्र बघा. एकाच नंबराच्या दोन नोटा हातात आल्या तर मात्र किमान एक नक्की नकली.

तुमच्या प्रश्नात एक गोष्ट अध्याहृत आहे: भाऊ जर्मनीतून आला म्हणजे नोटा जर्मनीच्या असाव्यात. तसं नसतं. कुठल्याही देशातल्या एटीएममधून कुठल्याही छापखान्याची नोट निघते. युरोच्या नाण्यांना प्रत्येक देशाची स्वतःची बाजू असते, नोटांना नाही. साधारण २०१० पासूनच्या ग्रीसच्या कर्जसंकटात Y च्या नोटा उद्या चालणार नाहीत अशी आवई उठली होती, तिला काही आधार नव्हता. चलनातल्या नोटांचा हिशेब देशांमध्ये भांडवलाच्या वाट्यानुसार लावला जातो, त्यातले ८ टक्के युरोपियन सेंट्रल बँकेच्या नावावर असतात, आणि त्यात नोटेवरच्या अक्षराला कोणी विचारत नाही. सहीवरूनही देश कळत नाही, ती त्या वेळच्या ईसीबीच्या अध्यक्षांची असते: डाउझेनबर्ग, त्रिशे, द्रागी किंवा लगार्द.

एकच ठिकाण असं आहे जिथे नुसत्या पहिल्या अक्षरावरून सावध व्हावं. जुन्या मालिकेत R लक्झेंबर्गसाठी, J ब्रिटनसाठी, K स्वीडनसाठी आणि W डेन्मार्कसाठी राखून ठेवले होते. शेवटच्या तिघांनी युरो घेतला नाही, आणि लक्झेंबर्गने स्वतःच्या अक्षराच्या नोटा कधी छापूनच घेतल्या नाहीत. तेव्हा एक अक्षर आणि ११ आकडे असलेली नोट यांपैकी कुठल्या अक्षराने सुरू होत असेल, तर ती घेण्याआधी नंबर पुन्हा एकदा नीट वाचा, आणि अक्षर तेच असेल तर परत करा.