'झालंय'मधला 'य' नक्की कोणाचा?

प्रश्न : "'झालंय', 'करतोय' यांतला 'य' हा दोन स्वरांच्या मध्ये आलेला वाढीव उच्चार आहे का? आणि 'आलीय' बरोबर की 'आलीये'?"

वाढीव नाही. तो 'आहे'च आहे. भरभर बोलताना 'आहे'मधला ह गळतो आणि 'आए' उरतं. आधीच्या शब्दाच्या शेवटी स्वर असेल तर 'आए'चा आ त्यात बुडतो. उरलेल्या 'ए'ला स्वतंत्र अक्षराइतका वेळ मिळत नाही, म्हणून त्याचा 'य' होतो. आधी व्यंजन असेल तर ए धडधाकट राहतो. 'ठीक आहे'चं 'ठीके' आणि 'छान आहे'चं 'छाने' होतं ते त्यामुळेच.

दोन स्वर एकमेकांना भिडले की मध्ये भर म्हणून येणारा य वेगळा. 'ती आजी' पटकन म्हणा, 'तीयाजी' असं काहीसं ऐकू येईल. 'तो आला' म्हणा, तिथे ओठ गोल असल्यामुळे य ऐवजी व डोकावतो, 'तोवाला'. भरीच्या उच्चाराला दोन्ही बाजूंना स्वर लागतो. 'करतोय'मध्ये य नंतर स्वर कुठे आहे? मग भर कशात घातली? शिवाय 'आहे' काढून 'होता' घातलं की य नाहीसा होतो : आलाय, पण आला होता. 'तीयाजी'तला य मात्र 'ती आई', 'ती आत्या' काहीही घातलं तरी हजर.

तरीही हा यण् संधी असल्याचं छातीठोकपणे सांगणारे व्याकरणप्रेमी भेटतातच. यण् संधीत *आधीच्या* शब्दाचा इ बदलून य होतो : प्रति + एक = प्रत्येक. इथे बदलतो तो *नंतरचा* ए. 'आली आहे'ला यण् लावलात तर 'आल्याहे' म्हणावं लागेल, ते म्हणून बघा! संस्कृतातलं नातेवाईकच हवं असेल तर 'तेऽपि' घ्या. तिथे 'अपि'चा अ आधीच्या ए मध्ये बुडतो, जसा आपला आ बुडतो. पण संस्कृतात ही सवलत ऱ्हस्व अ लाच होती.

खरी गंमत प्राकृतात आहे. शब्दांच्या मधले क, ग, च, ज, त, द गळाले आणि स्वरांना स्वर भिडले. 'नगर'चं 'नअर' झालं. जैन पंडित हेमचंद्राने बाराव्या शतकात त्याच्या प्राकृत व्याकरणात सूत्र दिलं, 'अवर्णो यश्रुतिः', म्हणजे असा उघडा पडलेला अ किंवा आ य लागून ऐकू येतो, आणि हा य हलक्या प्रयत्नाने उच्चारला जातो असंही सांगितलं. म्हणजे नअर, मग नयर. पुढे 'अय'चा ए झाला आणि नेर उरलं. संगमनेर, अमळनेर यांच्या शेवटचा नेर तो हाच. नेरमध्ये य विरघळून ए झाला, आणि 'झालंय'मध्ये ए आखडून य होतो. एकाच रस्त्यावरची उलटसुलट ये-जा आहे ही, आणि मला ती फार आवडते.

हां, 'आलीये'. त्यात ए शाबूत आहे आणि त्याच्या आधी य लागला आहे, 'एक'ला आपण 'येक' म्हणतो तसा. म्हणजे भरीचा य शोधायचाच असेल तर तो 'आलीये'त सापडेल, 'आलीय'त नाही. ई नंतर नुसता य नीट ऐकू येत नाही, म्हणून ए धरून ठेवणारे पुष्कळ आहेत. दोन्ही चालतं. मात्र 'आली ए' असं तोडून लिहू नका, डोळ्यांना त्रास होतो.

आता माझं एक लाडकं मत. 'आले आहेत'चं 'आलेत' होतं, 'आल्या आहेत'चं 'आल्यात'. इथे य सुद्धा गेला. पण 'तू आला आहेस'चं 'आलायस'च होतं, 'आलास' होत नाही. का? कारण 'आलास' ही जागा साध्या भूतकाळाने आधीच अडवली आहे. 'आलीस' आणि 'आलीयेस' यांचंही तसंच. य गेला तर काळ बदलतो, म्हणून जीभ तिथे तो सोडत नाही. 'ते आलेत', 'त्या आल्यात' यांना असा प्रतिस्पर्धी नाही, कारण तिथे साधा भूतकाळ नुसता 'आले', 'आल्या' एवढाच आहे.

यावर एक ठरलेलं उत्तर येतं : 'आलेत'मध्ये ए ला ए भेटला, एकजीव झाला, त्यात अर्थाचा काय संबंध? मग 'पोरं आली आहेत'चं 'पोरं आलीत' कसं होतं? तिथे तर ई ला ए भेटतो, अगदी 'आलीयेस'सारखाच, आणि तरीही ए जातो. उच्चाराचं कारण पुरेसं असतं तर दोन्हीकडे एकच घडायला हवं होतं.